उत्तरपत्रिकेतील दुसरे अक्षर

शके एकोणीसशे सत्तेचाळीस, वैशाख वद्य पक्ष. इंग्रजी कालगणनेप्रमाणे सन दोन हजार पंचवीसच्या मे महिन्याचा तिसरा आठवडा. स्थळ : जिल्हा चंद्रपूर, तालुका सिंदेवाही, रेल्वे फाटकाच्या अलीकडील वस्तीत, कनिष्ठ महाविद्यालयातून मराठीचे अध्यापक म्हणून निवृत्त झालेले दौलत लोनबले यांच्या घराची ओसरी.

ओसरीवर त्या सकाळी तिघे बसले होते. लोनबले सर खुर्चीवर, जवळच्या मोहटोला गावचे रामाजी खोब्रागडे चटईवर, आणि त्यांची मुलगी संघप्रिया खांबाला पाठ लावून, दृष्टी जमिनीत रोवून. रामाजींनी शर्टाच्या आतल्या खिशातून घडी घातलेला कागद काढला आणि सरांच्या हाती दिला.

"वाचा सर. मले इतलंच समजलं का पोरगी चोर ठरली."

सरांनी कागद वाचला. मग चष्मा पुसून पुन्हा वाचला. बारावीच्या परीक्षेचे मंडळ आपला निर्णय कळवत होते. विद्यार्थिनीच्या इतिहासाच्या उत्तरपत्रिकेत अकराव्या पानापासून भिन्न हस्ताक्षर आढळले. नियामकांनी तसा अहवाल दिला. सुनावणीच्या वेळी विद्यार्थिनीने आपली चूक लेखी कबूल केली. सबब तिची या परीक्षेतील संपूर्ण संपादणूक, म्हणजे सर्व विषयांचे गुण, रद्द करण्यात येत असून पुढील एका परीक्षेस बसण्यास तिला प्रतिबंध करण्यात येत आहे. निकालाच्या दिवशी तिच्या नावापुढे गुणांच्या जागी 'राखीव' असे का उमटले होते, त्याचा हा उलगडा.

"तू कबूल केलंस?" सरांनी विचारले.

"हो."

"काय कबूल केलंस?"

रामाजी खेकसले, "सांग ना व! साहेबापुढं पटकन लिवून देल्लं, अन् इथी तोंडाले कुलूप?"

"डाव्या हातानं लिवलं म्हून," ती म्हणाली.

सर पुढे झुकले. मग तिने तुटक तुटक जे सांगितले ते असे. इतिहासाच्या पेपराच्या आदल्या दिवशी आभाळ आले होते. धान काढून झालेल्या बांधीत लाखोळीचे कडधान्य वाळून उभे होते, पाऊस पडला असता तर शेंगा फुटून दाणा मातीत गेला असता. घरातले सगळे हात लाखोळी उपटायला लागले, तिचेही लागले. संध्याकाळपर्यंत उजव्या तळहाताला आणि बोटांना फोड आले. दुसऱ्या दिवशी पेपरात दीड तास तिने कसेबसे काढले. मग फोड फुटले, पेन बोटांतून निसटू लागला, कागदावर ओल उमटू लागली. तेव्हा तिने पेन डाव्या हातात घेतला. जन्माने ती डावखुरीच. लहानपणी आईने डाव्या मनगटाला चिंधी बांधून बांधून तिचा उजवा हात वळणावर आणला होता. डाव्या हाताने ती शेण सारवी, विळा चालवी. अक्षर मात्र कधी काढले नव्हते. त्या दिवशी काढले.

"मग हे तू सुनावणीत का सांगितलं नाहीस?"

"मले वाटलं, बोर्डाच्या पेपरात डावा हात चालत नसन. साहेबानं पान दाखवलं अन् म्हणे, हे अक्षर वेगळं काऊन? तुले याची शिक्षा मालूम हाय का? मी भेली. त्याहीनं कागद देल्ला. मी लिवलं, माझी चूक झाली, पुन्हा असे करणार नाही, मला माफ करावे."

लोनबले सरांच्या मनात त्या क्षणी दुःखाच्या आधी दुसरेच काही जागे झाले. आणि ते खरे सांगायचे तर वादपटूचे स्फुरण होते. चाळीस वर्षे त्यांनी निबंधाचे, परिच्छेदाचे, प्रतिपादनाचे शास्त्र शिकवले होते. महाविद्यालयात आलेल्या परिपत्रकांची वाक्यरचना सुधारून ती परत पाठवणारा माणूस म्हणून त्यांची तालुक्यात ख्याती होती, आणि ती सर्वस्वी प्रेमाची नव्हती. इथे एक असा कबुलीजबाब होता की ज्यात गुन्हा एक आणि कबुली दुसऱ्याचीच. युक्तिवादाला इतकी स्वच्छ भूमी त्यांना आयुष्यात मिळाली नव्हती.

"रामाजीभाऊ, हे उलटवता येईल," ते म्हणाले.

"उलटवा मंग." रामाजींचा आवाज कोरडा होता. "मी सांगून ठेवतो सर. डीएडच्या कॉलेजात नंबर लागन म्हणे हिचा, म्हून मी थांबलो. या साली झालं तं झालं. नाईतं दिवाळीनंतर मिरच्या तोडाले तेलंगणात जाईन आमच्यासंगं, अन् उन्हाळ्यात लगन. मूल तालुक्यातला पोरगा हाय, त्याहीनं विचारणं धाडलं. मी बी किती दिवस लोकाले नाई म्हणत राहू?"

संघप्रियाने त्यावर मान वर केली नाही. तिला मास्तरीण व्हायचे होते हे साऱ्या मोहटोल्याला ठाऊक होते. संध्याकाळी विहाराच्या पडवीत ती चार पोरांना घेऊन बसे आणि बाराखडी म्हणवून घेई. डीएडला बारावीच्या गुणांवर प्रवेश मिळतो, आणि इतर सर्व विषयांत मिळून तिचे गुण पुरेसे पडले असते, असा कॉलेजच्या शिक्षकांचा अंदाज होता. संपादणूक रद्द झाली की तो अंदाजही रद्द.

दुसऱ्या दिवशी सर निकेश गुरनुल्याकडे गेले. निकेश हा शेजारच्या गावच्या शाळेतला तरुण शिक्षक. इतिहासाच्या पेपराला त्या दालनात पर्यवेक्षक म्हणून तोच होता. तो मोटारसायकल पुसत उभा होता. सरांना पाहून त्याने फडके खांद्यावर टाकले.

"या ना सर! शुद्धलेखन तपासाले आले का माह्यं?"

"एक साक्ष मागायला आलो आहे."

साक्ष हा शब्द ऐकताच निकेशचे हसणे मावळले. सरांनी विचारले, मुलीने पेन डाव्या हातात घेतला हे तू पाहिलेस का? निकेशने फडके पुन्हा हातात घेऊन आरसा पुसला.

"पाह्यलं," अखेर तो म्हणाला. "हाताले रुमाल बांधून होती. मीच म्हटलं, बाई, लिव लवकर, टाइम कमी हाय."

"तेवढंच दोन ओळींत लिहून दे."

"सर, तुम्ही मोठे माणसं. पण ऐका. मंडळानं केंद्रावरच्या साऱ्या पर्यवेक्षकाईले नोटीस काढली हाय. दालनात दुसऱ्यानं येऊन लिवून देल्लं असा संशय हाय त्याहीले. मी आधीच खुलासा देल्ला का माह्या दालनात काहीच झालं नाई, मी काहीच पाह्यलं नाई. आता पाह्यलं म्हटलं तं आधीचा खुलासा खोटा. मले तं अजून कायम बी नाई केलं संस्थेनं."

"म्हणजे खरं सांगितलंस तर खोटा ठरशील."

"पाहा ना! तुम्हीच बोलले," निकेश म्हणाला, आणि त्याच्या स्वरात थट्टा नव्हती. "बसा, चहा ठेवतो."

सर चहाला थांबले नाहीत. एक पुरावा गेला. पण युक्तिवाद उरला होता, आणि त्यांचा विश्वास माणसांपेक्षा युक्तिवादावर अधिक होता. ते घरी आले आणि फेरविचाराचा अर्ज लिहायला बसले. संगणकावर टंकून घ्यावा असे कॉलेजच्या लिपिकाने सुचवले. सर म्हणाले, हस्ताक्षराविषयीचा अर्ज हस्ताक्षरातच गेला पाहिजे. चार दिवस ते लिहीत आणि खोडत राहिले. पाचव्या दिवशी जो अर्ज प्राचार्यांच्या शिफारशीसह मंडळाकडे गेला, त्याचा मुख्य भाग असा होता :

"महोदय,

प्रस्तुत निर्णय दोन आधारांवर उभा आहे : उत्तरपत्रिकेतील दुसरे अक्षर आणि विद्यार्थिनीची लेखी कबुली. त्यांपैकी दुसऱ्या आधाराचा विचार प्रथम करणे इष्ट होईल. कबुलीत 'माझी चूक झाली' एवढेच शब्द आहेत. कोणती चूक, हे तीत नाही. ते तिला विचारलेही गेले नव्हते. डाव्या हाताने लिहिणे हाच अपराध, अशा समजुतीने तिने क्षमा मागितली. तिच्या घरी डाव्या हाताने लिहिणे निषिद्ध मानले जात होते, याविषयी तिची माता वच्छला खोब्रागडे व गावातील अंगणवाडी सेविका यांची निवेदने सोबत जोडली आहेत. जी गोष्ट मनुष्याने केलेली नाही तिची कबुली त्याच्या शब्दांतून काढणे न्यायाला धरून होणार नाही.

आता पहिला आधार. विद्यार्थिनीच्या सांगण्यानुसार अकराव्या पानाच्या आरंभी जे वाक्य आहे ते दहाव्या पानाच्या अखेरीस अर्धवट राहिलेले वाक्य आहे. तसे असल्यास हे विचारार्ह आहे की, दुसरी व्यक्ती लेखनाला बसली असती तर तिने नव्या प्रश्नापासून आरंभ केला असता. दुसऱ्याच्या मनातले अर्धे वाक्य ती कशी पुरे करील? तसेच दोन्ही भागांतील शाई एकाच पेनची आहे किंवा कसे, हे पाहावे. आणखी असे की, त्या पुढील पानांवरील उत्तरांत चुका आहेत, हे ती स्वतः सांगते. साहाय्य करणारा मनुष्य चुकांचे साहाय्य करायला येत नाही.

तिच्या हाताला झालेल्या इजेबाबत वैद्यकीय प्रमाणपत्र नाही, हे मी लपवू इच्छीत नाही. लाखोळी उपटून आलेल्या फोडांसाठी या भागात कोणी दवाखान्यात जात नाही.

शेवटी एवढीच प्रार्थना की, विद्यार्थिनीस समितीपुढे बोलावून तिच्याकडून दोन्ही हातांनी लिहवून घ्यावे. ज्या गोष्टीचा निर्णय डोळ्यांनी होऊ शकतो, तिचा निर्णय अनुमानाने होऊ नये."

लिपिकाने पोच आणून दिली तेव्हा तो म्हणाला, "सर, असे अर्ज ढिगानं जातात. कोणी वाचत नाई." पण जूनच्या पहिल्या आठवड्यात मंडळाचे पत्र आले. अर्जदाराची विनंती मान्य करून विद्यार्थिनीस प्रत्यक्ष लेखनासाठी समितीपुढे उपस्थित राहण्याची एक संधी देण्यात येत आहे. सोबत पालक व मार्गदर्शक शिक्षक यांनी यावे. दिनांक जूनच्या तिसऱ्या आठवड्यातला होता; डीएडच्या प्रवेशअर्जाची मुदत त्यानंतर संपत होती.

ते पत्र घेऊन संघप्रिया सरांकडे आली तेव्हा महिन्यात पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळले होते. सरांनी तिला टेबलाशी बसवले, पुढे कागद ठेवला आणि म्हणाले, "डाव्या हाताने लिही. भीती मोडली पाहिजे."

तिने लिहिले. सरांनी पाहिले आणि त्यांना शरीराला झोंबावे तसे झाले. शिरोरेषा डावीकडून उजवीकडे उतरत गेली होती. काने आखूड, वेलांट्या उलट्या बाजूला कललेल्या, एका शब्दाचे अक्षर दुसऱ्या शब्दावर रेललेले. ज्या माणसाने चाळीस वर्षे फळ्यावर एकही अक्षर वाकडे काढले नव्हते, त्याला ते पान पाहवेना.

"हे समितीपुढे ठेवायचं?" ते म्हणाले. "अगं, हे पाहून कोणीही म्हणेल की या हाताला लिहायचं ठाऊकच नाही. डाव्या हातानं तू लिहू शकतेस, हे तर सिद्ध करायचं आहे! शिरोरेषा सरळ काढ. अंगठ्यावर भार नको."

"सर, पेपरात असंच होतं."

"पेपरात हात दुखत होता. आता दुखत नाही."

त्यांच्या या उत्तरात तर्काची एक कडी निखळली होती, आणि ती त्यांना दिसली नाही. उत्तरपत्रिका त्यांनी कधी पाहिलेलीच नव्हती. ती पाहिली होती एकट्या संघप्रियाने, सुनावणीच्या खोलीत, भीतीने डबडबलेल्या डोळ्यांनी. सरांच्या मनात समितीपुढचा प्रश्न एकच होता : ही मुलगी डाव्या हाताने लिहू शकते की नाही? त्या प्रश्नाचे उत्तर जितके स्वच्छ, जितके ठसठशीत, तितके चांगले. म्हणून दर संध्याकाळी मोहटोल्याहून ती सायकलने येई आणि कंदिलाच्या काळापासून सरांच्या जवळ असलेली पितळी फूटपट्टी शिरोरेषेखाली ठेवून लिही. सर मागे उभे राहून सांगत, आणि अधूनमधून तिच्या हातावर हात ठेवून वळण देत. 'क' चे पोट कुठे सुरू होते, 'ह' ची गाठ कुठे वळते. मुलगी कष्टाळू होती. डावा हात मुळात तिचा लाडका. इतकी वर्षे बांधून ठेवलेला, आता मोकळा झाला होता. तो भराभर शिकला.

एकदा ती लिहिता लिहिता थांबली.

"सर, एक बोलू काय?"

"बोल."

"हे माह्यं अक्षर नाई वाटत मले. लय साजरं हाय. पण पेपरातलं असं नव्हतं. साहेबलोक म्हणतीन, हे तिसरंच कोणाचं."

सरांनी तिच्याकडे पाहिले. त्यांना वाटले, पोर पुन्हा भ्यायली. पहिल्या सुनावणीत हिने अशीच स्वतःची नाव बुडवली. "संघप्रिया," ते म्हणाले, "माणूस सरकारी कचेरीत जाताना धुतलेले कपडे घालून जातो. धुतलेले कपडे घातले म्हणून तो दुसरा माणूस होत नाही. अक्षराचंही तसंच."

दृष्टान्त छान होता. तिने मान्य केले आणि पट्टी पुन्हा शिरोरेषेखाली ठेवली.

ठरल्या दिवशी तिघे पहाटेच्या एस.टी.ने निघाले. नागभीड सुटले, उमरेडचा रस्ता लागला. रामाजी खिडकीशी बसले होते. ते मध्येच म्हणाले, "सर, तुमच्यापायी इथवर आलो. बोर्डवाले अक्षर पाहून खुश झाले तं लगनाची पत्रिका बी हिच्याकडूनच लिवून घेऊ." संघप्रिया पहिल्यांदा हसली. सरही हसले.

विभागीय मंडळाच्या कार्यालयात त्यांना दुपारपर्यंत बाकावर बसावे लागले. मग आत बोलावले. लांब टेबलामागे समितीचे तीन सदस्य होते : मधे अध्यक्षा, करड्या केसांच्या, संथ आवाजाच्या बाई, एका बाजूला मंडळाचे एक अधिकारी, दुसऱ्या बाजूला हस्ताक्षर पाहणारे एक गृहस्थ, ज्यांच्यापुढे भिंग आणि संघप्रियाची उत्तरपत्रिका उघडी होती. अध्यक्षांनी सरांना बसायला सांगितले.

"लोनबले सर, तुमचा अर्ज आम्ही वाचला. खरं सांगायचं तर अर्जामुळेच ही बैठक आहे. अर्ध्या वाक्याचा मुद्दा आम्ही तपासला. वाक्य खरोखर पुढे चालू आहे. शाईही वेगळी दिसत नाही. म्हणून म्हटलं, मुलीला लिहू द्यावं."

सरांची छाती भरून आली.

संघप्रियाला कागद दिला. अधिकाऱ्याने इतिहासाच्या पुस्तकातला एक उतारा वाचून दाखवायला सुरुवात केली. आधी तिने उजव्या हाताने लिहिले. मग पेन डाव्या हातात घेतला. सर दुरून पाहत होते : शिरोरेषा सरळ चालली होती, जणू पट्टी अजून खालीच आहे. वेलांट्या सारख्या, पोटे भरलेली, दोन शब्दांत नेमके अंतर. तिने पान पुरे करून ठेवले, आणि त्याच क्षणी तिच्या तोंडावर जे आले ते सरांनी पाहिले. तिने समोरची उघडी उत्तरपत्रिका पाहिली होती.

भिंगवाल्या गृहस्थांनी दोन्ही पाने शेजारी ठेवली. फार वेळ लागला नाही.

"हे ते अक्षर नाही," ते म्हणाले. "उत्तरपत्रिकेतली ओळ खाली उतरते, ही सपाट आहे. तिथले काने आखूड आहेत. तिथला 'ह' उघडा आहे, इथे गाठ आहे. कल उलटा. वेग वेगळा. वळणात एकही साम्य म्हणावं असं नाही. शिवाय हे अक्षर घटवलेलं आहे. पेपराच्या घाईत पहिल्यांदा डाव्या हाताने लिहिणाऱ्या मुलीचं हे अक्षर असू शकत नाही."

"बाळ," अध्यक्षा म्हणाल्या, "हे अक्षर तू कधी शिकलीस?"

संघप्रियाने सरांकडे पाहिले. खोटे बोलण्याची तिची रीत नव्हती, आणि इथे खोटे काय बोलायचे हेही तिला कोणी शिकवले नव्हते.

"आता. सरानं शिकवलं."

भिंगवाल्या गृहस्थांनी फाइल चाळली, सरांच्या हातचा अर्ज बाहेर काढला, आणि तिच्या पानाशेजारी ठेवला. तीच गाठ, तेच पोट, तेच अंतर.

लोनबले सर उभे राहिले. शब्द त्यांना आयुष्यात कधी कमी पडले नव्हते, आणि आत्ताही आले.

"महोदया, यातून उलट माझंच म्हणणं सिद्ध होतं. जी मुलगी दोन आठवड्यांत डाव्या हाताने इतकं लिहायला शिकते, तिचा मूळ हात डावाच असला पाहिजे. आणि सरावाची वही माझ्याजवळ आहे." त्यांनी पिशवीतून वही काढली. "पहिलं पान पाहा. तिथं ओळ उतरते, काने आखूड आहेत. आपण वर्णन केलंत तेच अक्षर. ते माझ्या शिकवण्याने बदलत गेलं, हे पानागणिक दिसेल."

वही टेबलावर गेली. गृहस्थांनी पहिले पान भिंगाखाली धरले. खोलीतल्या सगळ्यांचे लक्ष त्यांच्या कपाळाकडे लागले.

"हे जवळ जातं," ते म्हणाले.

रामाजी पुढे सरकले. "पाह्यलं ना! मी म्हणत नव्हतो?"

"थांबा," अध्यक्षा म्हणाल्या. त्यांच्या आवाजात कठोरपणा नव्हता, आणि तेच सरांना अधिक भयंकर वाटले. "सर, तुम्ही तर्काचे माणूस आहात, म्हणून तुम्हालाच विचारते. मुलीनं उत्तरपत्रिका केव्हा पाहिली?"

"एप्रिलमधल्या सुनावणीत."

"आणि हे पहिलं पान?"

सरांना प्रश्न कुठे चालला आहे ते तिसऱ्या शब्दालाच दिसले. "जूनमध्ये."

"म्हणजे उत्तरपत्रिका पाहून झाल्यावर, घरी, तुमच्यासमोर लिहिलेलं. उद्या दुसरा कोणी असंच पान आणेल, तर आम्ही तेही मानायचं? घरी हळूहळू काढलेलं साम्य पुरावा होत नाही. आमच्यासमोर, आम्ही वाचतो आहोत त्या वेगानं, तिच्या हातून ते अक्षर उतरलं असतं, तर तो पुरावा झाला असता. त्याचसाठी बोलावलं होतं. तेवढं एकच तुमच्या हातात होतं, आणि ते तुम्ही सुधारून आणलंत."

सरांनी मनातल्या मनात युक्तिवादाची प्रत्येक कडी चाचपून पाहिली, आणि प्रत्येक घट्ट होती. त्यांनी स्वतः शिकवली असती तशीच.

"मले अजून एकदा लिवू द्या," संघप्रिया म्हणाली. "मी जुनं काढून दाखवतो."

अध्यक्षांनी भिंगवाल्यांकडे पाहिले आणि होकारार्थी मान हलवली. तिला कागद दिला. अधिकाऱ्याने पुन्हा वाचले. ती डाव्या हाताने लिहू लागली; ओळ मुद्दाम खाली उतरवू लागली, काने मुद्दाम तोडू लागली. पण हात आता शिकलेला होता. चौथ्या-पाचव्या शब्दाला शिरोरेषा आपोआप सरळ होई. मग ती दचकून पुन्हा वाकडी करी. पान अर्धे झाले तेव्हा त्यावर कोणाचेच अक्षर नव्हते. तिने पेन खाली ठेवला आणि डावा हात मांडीवर उजव्या हाताखाली झाकून घेतला.

"बाई," रामाजी हात जोडून म्हणाले, "पोरगी खोटी नाई. मी बाप हाय, मले मालूम हाय. लाखोळी मीच उपटाले लावली. माह्यावर लिवा ना काय लिवाचं ते."

"भाऊ, बसा," अध्यक्षा म्हणाल्या. त्या दोघा सदस्यांशी हलक्या आवाजात काही बोलल्या. अधिकाऱ्याने फाइलवर दोन ओळी लिहिल्या. भिंगवाल्या गृहस्थांनी वही मिटून सरांकडे सरकवली, पण सरांनी ती घेतली नाही. ते संघप्रियाकडे पाहत होते, आणि ती कोणाकडेच पाहत नव्हती.

अध्यक्षांनी सही केली, टोपण लावले आणि सांगितले :

"पूर्वीचा निर्णय कायम. संपादणूक रद्द, आणि पुढच्या परीक्षेला बसता येणार नाही."